'आगमन होते' की 'येतात': खाडीवरच्या एका माहितीपटाचं निवेदन

नऊ मिनिटांचा माहितीपट, विषय ठाण्याची खाडी, प्रेक्षक आठवी ते बारावीची मुलं. एका छोट्या पर्यावरण गटाने पैसे उभे केले होते. चित्रीकरण झालेलं होतं आणि दृश्यं उत्तम होती. पहाटेची ओहोटी, तिवरांची झाडं, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या, ऐरोलीच्या बाजूने टिपलेले फ्लेमिंगोंचे थवे असं सगळं हाताशी होतं. निवेदनाची संहिता गटातल्या एका निवृत्त मराठीच्या प्राध्यापकांनी लिहिली होती. आवाज एका अनुभवी निवेदकाचा होता, सरकारी माहितीपटात आणि पुरस्कार सोहळ्यात ऐकू येतो तसा खर्जातला. संकलन माझ्याकडे होतं. पुढे संहितेची डागडुजीही माझ्याकडेच आली.

कच्ची फिल्म कळव्याच्या एका शाळेत नववीच्या वर्गाला दाखवली. मुलं पहिलं दीड मिनिट शांत होती, मग कुजबुज सुरू झाली. फ्लेमिंगो दिसले तेव्हा माना पुन्हा वर आल्या आणि निवेदन सुरू होताच पुन्हा खाली गेल्या. संपल्यावर बाईंनी विचारलं, "आवडली का रे?" सगळे एका सुरात "हो" म्हणाले. या "हो"ला काही अर्थ नसतो. बाई समोर असताना दुसरं उत्तर येणार कुठून?

मग दुसऱ्या तुकडीसमोर पद्धत बदलली. फिल्म मध्येच थांबवायची आणि एकाला उभं करून विचारायचं, "आत्ता काय सांगितलं?" चूक-बरोबर काही नाही, जे कानावर पडलं ते सांग. फ्लेमिंगोंच्या भागावर थांबवलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, "कुणीतरी काहीतरी प्रतिपादन केलं." वर्ग हसला, पण तो चेष्टा करत नव्हता. त्याच्या लक्षात खरंच तेवढंच राहिलं होतं. ज्या वाक्यावर थांबवलं ते असं होतं:

"ठाणे खाडीच्या उभय तीरांवर विस्तीर्ण पसरलेल्या कांदळवनांच्या सान्निध्यात शीतकाळाच्या प्रारंभी सहस्रावधी रोहित पक्ष्यांचे आगमन होते. खाडीतील नील-हरित शैवालाचे प्राशन हे त्यांच्या गुलाबी वर्णाचे मूळ कारण असल्याचे अभ्यासकांद्वारे प्रतिपादन करण्यात आले आहे."

हे वाचून लगेच म्हणावंसं वाटतं की शब्द अवघड आहेत, सोपे घाला. आमच्यातही पहिला सूर हाच होता. 'सहस्रावधी'च्या जागी 'हजारो', 'शीतकाळाच्या प्रारंभी'च्या जागी 'हिवाळ्याच्या सुरुवातीला', 'वर्ण' काढून 'रंग'. तसं करून मी एका तुकड्यावर स्वतःच्या आवाजात तात्पुरतं निवेदन बसवून पाहिलं: "ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर दूरवर पसरलेल्या खारफुटीच्या जवळ हिवाळ्याच्या सुरुवातीला हजारो रोहित पक्ष्यांचे येणे होते." एकही जड शब्द उरला नाही आणि वाक्य आणखीच वाईट झालं. आधी निदान त्याला एक डौल होता.

दुखणं शब्दांपेक्षा वाक्याच्या घडणीत होतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं. वाचताना डोळा मागे जाऊ शकतो, कान जाऊ शकत नाही. 'ठाणे खाडीच्या' पासून सुरू झालेलं वाक्य चौदा शब्द हवेत धरून ठेवायला लावतं आणि मग सांगतं की घडलं काय, तर 'होते'. त्यातही खरी क्रिया 'येणे' ही आहे, पण ती 'आगमन' या नामात कोंडली आहे आणि क्रियापदाच्या जागेवर एक पोकळ 'होते' बसलं आहे. दुसऱ्या वाक्यात तर क्रियांची नामं करून एकावर एक रचली आहेत: प्राशन, कारण, असल्याचे, प्रतिपादन. शेवटी शासन निर्णयातलं 'करण्यात आले आहे'. पक्षी शेवाळ खातात, त्यातून रंग येतो, एवढंच सांगायचं आहे, पण त्यात पक्षी हा कर्ता कुठेच नाही. पडद्यावर पक्षी खाताना दिसतोय आणि कानात अभ्यासक प्रतिपादन करतायत. मुलाला तेच आठवलं यात त्याचा दोष काय?

ही शैली प्राध्यापकांनी काही स्वतः शोधलेली नाही. फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली सुरू झालं आणि चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी माहितीपट दाखवायची रीत पडली, तेव्हापासून 'माहितीपटाचा आवाज' असा एक साचाच आपल्या कानात बसला आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि तो साचा घराघरात आला. त्या काळात त्याला कारणही होतं. एकच वाहिनी, घरातली सगळी माणसं एकत्र, आणि छापील प्रमाण मराठी हीच सगळ्यांना सामाईक. शिवाय लिहिणारे बहुतेक छापील गद्याच्या शिस्तीत वाढलेले. आज तेच गद्य लोकलमध्ये एका कानात इयरफोन घालून बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलीपर्यंत पोचवायचं तर तिच्याकडे ते धरून ठेवायला उसंत नसते.

इथे आवाजाचाही भाग आहे. निवेदक काकांचा खर्ज स्टुडिओच्या मोठ्या स्पीकरवर भारदस्त वाटायचा, वर थोडा घुमारा दिलेला. तोच तुकडा मोबाइलच्या स्पीकरवर लावला की पातळ आणि गढूळ व्हायचा. मोबाइलचा इवलासा स्पीकर खालचे सूर जवळजवळ काढतच नाही, त्यामुळे खर्जाचं वजन निघून जातं आणि उरतो तो घुमारा. त्यात 'वैशिष्ट्यपूर्ण', 'अस्तित्व', 'सान्निध्य' अशी जोडाक्षरं आली की ती एकमेकांत मिसळतात. शाळेच्या हॉलमध्ये पंखे चालू असताना हेच आणखी वाईट होतं. नेहमी हेडफोनवर काम करणाऱ्याला हे कळतच नाही. फिल्म जिथे बघितली जाणार आहे त्याच यंत्रावर, त्याच गोंगाटात ऐकायला हवी.

मग नवा खर्डा गटातल्या दोन कॉलेजवयीन स्वयंसेवकांनी लिहिला. तो उलट्या टोकाला गेला. "तर मित्रांनो, हे आपले पिंक पाहुणे एकदम भारी फूडी आहेत बरं का! ठाण्याचं मेन्यू कार्ड बघून डायरेक्ट लँडिंग!" लिहिताना त्यांना मजा आली असणार. वाशीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीच्या मुलांना तो ऐकवला तेव्हा मात्र चेहरे आंबले. एक मुलगी म्हणाली, "आम्ही असं आमच्यात बोलतो, पण फिल्मने आमच्याशी असं बोलायचं म्हणजे काहीतरी विकतायत असं वाटतं." मला हे फार नेमकं वाटलं. 'भारी', 'खतरनाक', 'भावांनो' हे शब्द सोपे आहेत म्हणून मुलं वापरत नाहीत, ती त्यांच्या टोळीची खूण असते. बाहेरचा माणूस ती वापरायला लागला की कान टवकारतात, ते संशयाने. शिवाय असे शब्द दोन-तीन वर्षांत शिळे होतात आणि माहितीपट शाळेत दहा वर्षं फिरतो.

त्या खर्ड्यात आणखी एक गोष्ट होती जी मुलांच्या लक्षात आली नाही, पण प्राध्यापकांच्या आली. वरवर बोलीभाषेतला वाटणारा हा मजकूर बराचसा इंग्रजी आणि हिंदी वाक्यांवर बेतलेला होता. "खाडी आपल्याला सपोर्ट करते", "ही जागा पक्ष्यांसाठी घर आहे", "इथे लाइफ फुलतं". सर म्हणाले, "हे साधं मराठी नाही, हे साधं भाषांतर आहे." गटाच्या बैठकीत त्यांचं म्हणणं असंही होतं की मुलांच्या कानावर चांगलं मराठी पडायची जागा दिवसेंदिवस कमी होते आहे, आपणही सोडलं तर ते ऐकणार कुठे? या मुद्द्यावर काही जण हसले. मला तो हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. फक्त चांगलं मराठी म्हणजे त्यांनी लिहिलेलं मराठी, हे मला पटत नव्हतं, कारण ते स्वतः तसं बोलत नव्हते.

आणि वाट तिथेच सापडली. सर चहा घेताना खाडीबद्दल बोलायला लागले की सगळे ऐकत बसायचे. त्यांचं लहानपण कोलशेतला गेलेलं. ओहोट लागली की चिखल कसा उघडा पडतो, पाय कुठे टाकायचा, तिवराचं पान चाटलं तर खारट का लागतं, हे सगळं ते लहान लहान वाक्यांत, हातवारे करत सांगायचे. कागद पुढे आला की तोच माणूस 'सान्निध्यात' जायचा. म्हणून दिग्दर्शिकेने त्यांना गळ घातली, "सर, लिहू नका, सांगा." सोसायटीतल्या सातवीतल्या एका मुलाला समोर बसवलं, लॅपटॉपवर आवाज बंद करून फिल्म लावली, आणि सरांनी त्याला ती समजावून सांगायची असं ठरलं. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू. मुलाला एवढंच सांगितलं होतं की कळलं नाही तर लगेच विचार.

त्या रेकॉर्डिंगमधला एक तुकडा जसाच्या तसा देतो. पडद्यावर तिवराची मुळं आहेत, चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली.

"हे बघ, हे काय दिसतंय?"

"काड्या."

"काड्या नाहीत रे, मुळं आहेत ती. आपण मुळं कुठे बघतो? जमिनीत. ही वर आलीयत. का आली असतील?"

"पाणी प्यायला?"

"पाणी तर आहेच की भरपूर. हवा नाही. हा चिखल इतका गच्च असतो, त्याच्यात हवाच जात नाही. मग मूळ काय करतं, नाक वर काढतं."

मूळ संहितेत याच दृश्यावर होतं, "प्राणवायूविरहित मृत्तिकेत श्वसनक्रिया सुलभ व्हावी यासाठी कांदळवृक्षांमध्ये श्वसनमुळांची निर्मिती झालेली आढळते." माहिती दोन्हीकडे तीच आहे. सरांच्या बोलण्यात मात्र आधी दिसतं ते येतं, मग प्रश्न, मग कारण, आणि नाव अजून आलेलंच नाही. आम्ही तो क्रम तसाच ठेवला आणि नाव शेवटी आणलं: "या मुळांना म्हणतात श्वसनमुळं." त्याच क्षणी पडद्यावर अक्षरं. 'श्वसनमुळं' हा शब्द आता अवघड राहिला नव्हता, कारण ज्याला नाव द्यायचं ती गोष्ट आधीच कळून चुकली होती.

यातून एक गैरसमज दूर झाला जो आम्हा सगळ्यांच्या डोक्यात होता, की संस्कृत शब्द म्हणजे अवघड आणि इंग्रजी शब्द म्हणजे मुलांना सोपा. कळव्याच्या मराठी माध्यमाच्या मुलांना 'जैवविविधता', 'परिसंस्था', 'रंगद्रव्य' हे शब्द पाठ्यपुस्तकामुळे नेहमीचे होते, त्यावर कोणी अडखळलं नाही. त्यांची गाडी अडली ती 'उभय', 'प्रारंभी', 'सान्निध्यात', 'तथा' अशा शब्दांवर. हे शब्द परिभाषेचे नाहीत, नुसते सजावटीचे आहेत, आणि ते गेल्याने माहितीत रतीभरही फरक पडत नाही. वाशीच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलांचं उलटं. त्यांना 'इकोसिस्टीम' समजायचं, 'परिसंस्था' म्हटलं की ती एकमेकांकडे बघायची, आणि 'प्रारंभी' मात्र हिंदीमुळे कळायचं. म्हणजे 'तरुण प्रेक्षक' असा एकच कान नव्हता. शिवाय महापौर, दिनांक, दिग्दर्शक हे सगळे संस्कृतावरूनच घडवलेले शब्द आज रिक्षावालाही वापरतो. तेव्हा तद्भव घ्यायचे आणि तत्सम टाळायचे असा नियम करून काही साधलं नसतं. आम्ही प्रत्येक जड शब्दाला एकच प्रश्न विचारला: हा काढला तर एखादी वस्तू किंवा कल्पना हरवते का? 'रंगद्रव्य' काढलं तर हरवते, म्हणून ठेवलं. 'अभयारण्य' ठेवलं, त्याला दुसरा शब्दच नाही. 'विस्तीर्ण' गेलं, कारण कॅमेरा ते दाखवतच होता.

फ्लेमिंगोंचा भाग शेवटी असा झाला:

"थंडी पडायला लागली की ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो येतात. मराठीत त्यांना रोहित म्हणतात. मान खाली, चोच उलटी, चिखलात. पाण्यातलं शेवाळ गाळून खातात. त्या शेवाळात एक रंगद्रव्य असतं. पिसांचा गुलाबी रंग येतो तो त्यातून."

दोन्ही मजकुरांतले शब्द मोजून बघा, जवळपास सारखेच भरतील. कमी शब्द म्हणजे सोपं, हेही खरं नाही. फरक इतकाच की आधी क्रियापदासाठी पंधराव्या शब्दापर्यंत थांबावं लागत होतं, आता दर चार-पाच शब्दांनी वाक्य पुरं होतं. दुसरा फायदा संकलनाचा. जुनी दोन वाक्यं तोडता येत नव्हती, ती मिळून सतरा-अठरा सेकंद सलग चालायची आणि त्यांच्याखाली शॉट ताणावा लागायचा. नवीन मजकुराच्या दोन वाक्यांमध्ये मी हवी तेवढी जागा सोडू शकत होतो. 'चिखलात' नंतर पूर्ण चार सेकंद काहीच नाही, फक्त चोचींचा पचपच आवाज. मुलं सगळ्यात जास्त तिथे बघतात.

मराठी निवेदनाचा वेग साधारण मिनिटाला शंभर ते एकशे वीस शब्द धरून मी चालतो. इंग्रजीचा दीडशेचा आकडा आपल्याकडे लावून चालत नाही, कारण विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात आणि आपला एकेक शब्द लांब होतो. जड संहितेत तर तो आणखी लांब, म्हणून निवेदक घाईत वाचतो आणि सगळंच एका पट्टीत जातं.

मग 'केले' आणि 'केलं'चा प्रश्न. बाहेरून हा बारीक वाटतो, पण मराठीत बोलणं आणि वाचून दाखवणं यातला फरक कानाला सगळ्यात आधी इथेच कळतो. 'पाणी आले, मुळे वर आली, घरटे बांधले' असं कोणी निवेदन केलं की ऐकणाऱ्याला पहिल्या दोन वाक्यांत समजतं की समोर कागद आहे. पुढे कितीही सोपे शब्द येवोत, तो सूर जात नाही. गोम अशी की संहिता 'केले' अशी लिहिली की कसलेला निवेदकही 'केले' असंच वाचतो, आणि त्याला "बोलल्यासारखं वाचा" असं सांगितलं की काही वाक्यांत 'केलं' आणि काहींत 'केले' असं कडबोळं होतं. म्हणून आम्ही संहिताच अनुस्वार देऊन टंकित केली: 'आलं, मुळं, घरटं बांधलं'. गटातल्या एकांना ते अशुद्ध वाटलं. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियमही संवादात ही रूपं चालवून घेतात, आणि निवेदन हे सगळं मिळून एक बोलणंच आहे, एवढं सांगितल्यावर ते थांबले. पूर्ण पटलं नव्हतं, पण थांबले.

आवाज निवडताना एकच परिच्छेद तिघांकडून वाचून घेतला. निवेदक काका, एक रेडिओवर काम केलेला तरुण, आणि आमच्याच कॅमेरा चमूतली ऐरोली कोळीवाड्याची मुलगी, जी शिकत होती आणि तोवर तिने कधी माइकसमोर काही वाचलं नव्हतं. रेडिओवाल्याचा आवाज स्वच्छ आणि उत्साही होता, पण तो प्रत्येक वाक्य वर नेऊन संपवायचा, जणू पुढे जाहिरात आहे. कोळीवाड्याच्या मुलीचं वाचन सुरुवातीला अगदी सपाट आलं. तिला कागद बाजूला ठेवायला सांगितलं, वाक्य एकदा वाच, मग पडद्याकडे बघून सांग. तेव्हा ते जमलं. मुलांना तिन्ही तुकडे कोणाचा कोणता हे न सांगता ऐकवले आणि पुन्हा तोच प्रश्न, "काय सांगितलं?" तिच्या तुकड्यानंतर मुलं मजकूर सांगत होती. काकांच्या तुकड्यानंतर आवाजाबद्दल बोलत होती. कोणाचा आवाज चांगला, असं आम्ही विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर काका जिंकले असते, याबद्दल मला शंका नाही.

ती घरी आगरी-कोळी बोलते. साहजिकच सूचना आली की निवेदन त्याच बोलीत करू, खाडीची फिल्म आहे, अस्सल वाटेल. ती स्वतःच नको म्हणाली. "ताई, आमची भाषा आली की लोकं आधी हसतात. कॉमेडीत ऐकलेली असते ना." यात तथ्य आहे. आगरी बोली मराठी पडद्यावर बहुतेक वेळा विनोदासाठीच वापरली गेली आहे, आणि नऊ मिनिटांत ती सवय मोडता येणार नव्हती. शिवाय ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे या भागातल्या वर्गांत आगरी-कोळी मुलांइतकीच सातारा-सांगलीकडून आलेल्या माथाडी कुटुंबांतली मुलं बसतात, आणि त्यांच्या घरची बोली वेगळी. तेव्हा असं ठरलं की निवेदन साध्या बोलत्या प्रमाण मराठीत, तिच्या स्वतःच्या उच्चारांसह. तिचा 'ण' अधूनमधून 'न'कडे झुकतो, तो सुधारायचा नाही. आणि खाडीत मासे धरणारे आजोबा जे बोलतात, "पानी उतरला का निवट्या बाहेर येतान," त्यावर निवेदनाची चादर घालायची नाही, खाली अक्षरं द्यायची. निवटीला त्या भागात निवटीच म्हणतात, मग संहितेतला 'चिखलमासा' कशाला? तो गेला.

आकड्यांनी अनपेक्षित त्रास दिला. खाडी २६ किलोमीटर लांब आहे. निवेदनात 'सव्वीस' आलं आणि इंग्रजी माध्यमाची निम्मी मुलं मनातल्या मनात भाषांतर करत बसली, तेवढ्यात पुढची दोन वाक्यं निघून गेली. मराठीत एकवीस ते नव्व्याण्णवपर्यंत एकं आधी आणि दहं नंतर, त्यातून 'एकोण'चे आकडे, त्यामुळे नुसत्या कानाने पकडणं ज्यांना सवय नाही त्यांना खरंच जड जातं. 'ट्वेंटी सिक्स' म्हणायला सर तयार नव्हते, मीही नव्हतो. तोडगा साधा निघाला. आकडा बोलायचा मराठीत, त्याच क्षणी पडद्यावर २६ दाखवायचा, आणि एका वाक्यात एकापेक्षा जास्त आकडा ठेवायचा नाही. अभयारण्याचं क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर. हे वाक्य सरळ काढून टाकलं, कारण हेक्टर कोणालाच दिसत नाही. त्याऐवजी नकाशावर "ऐरोलीच्या पुलापासून वाशीच्या पुलापर्यंत" एवढंच ठेवलं. रोज त्या पुलांवरून जाणाऱ्या मुलांना ते लगेच कळलं. २०१५ साली अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ साली खाडी रामसर यादीत गेली, ही दोन सालं राहिली, पण वेगवेगळ्या वाक्यांत.

रामसरच्या वाक्यापाशी मात्र भाषा थोडी चढू दिली. "जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची एक आंतरराष्ट्रीय यादी आहे. २०२२ पासून आपली ठाण्याची खाडी त्या यादीत आहे." 'यादीत टाकली' असं आधी होतं, ते फार घरगुती वाटलं. साधं बोलायचं म्हणजे प्रत्येक गोष्ट गप्पांच्या पातळीवर आणायची असं नव्हे. माणूस बोलतानाही महत्त्वाचं काही सांगायचं असलं की थोडा सावरून बसतो. इथे सरांनी 'समावेश झाला' सुचवलं, दिग्दर्शिकेने 'आहे'वर थांबायचं ठरवलं. दोन्ही चाललं असतं.

आवाज बसवल्यावर कळव्यात पुन्हा दाखवली. मधे थांबवून विचारलं तेव्हा मुळांबद्दल एकाने सांगितलं, "ती नाक वर काढतात, चिखलात हवा नसते म्हणून." श्वसनमुळं हे नाव मात्र अर्ध्या वर्गाला आठवलं नाही. विज्ञानाच्या बाईंना ते खटकलं. त्यांचं म्हणणं, परीक्षेत नाक लिहून गुण मिळत नाहीत. रास्त आहे. शाळेसाठी द्यायच्या प्रतीत शेवटी अर्ध्या मिनिटाची एक जोड दिली, तीच दृश्यं पुन्हा, निवेदन नाही, फक्त पडद्यावर नावं: श्वसनमुळं, रंगद्रव्य, परिसंस्था, अभयारण्य. मोबाइलवर फिरणाऱ्या प्रतीत ती जोड नाही.

एक गोष्ट सुटली नाही. हीच फिल्म ठाण्यातल्या एका वाचनालयात ज्येष्ठ मंडळींसमोर लागली, तिथे दोन-तीन जणांनी निवेदन 'शाळकरी' आहे म्हणून नाक मुरडलं आणि निवेदिकेला उच्चार शिकवायला हवेत असंही सुचवलं. त्यांच्यासाठी वेगळं निवेदन करायला पैसेही नव्हते आणि तसं करावंसंही कोणाला वाटलं नाही. पुढच्या वेळी तिथे फिल्मआधी सर दहा मिनिटं बोलले, लिहून आणलेलं, त्यांच्या नेहमीच्या भाषेत. निवेदक काकांचं मानधन आधीच देऊन झालं होतं. त्यांच्या आवाजात आम्ही वाचनालयाच्या कार्यक्रमाचं निमंत्रण रेकॉर्ड करून घेतलं, आणि तिथे तो आवाज शोभला.